धंदा विकणाऱ्याने 'मी हा धंदा पुन्हा करणार नाही' असं किती वर्षांसाठी आणि किती भागासाठी लिहून द्यावं?

तराजूवाला

मंडळी, एक छोटा सर्व्हिस व्यवसाय विकत घेण्याचं जवळपास ठरलंय. प्रयोगशाळांमधल्या वजनकाट्यांची देखभाल, दुरुस्ती आणि कॅलिब्रेशन असं काम आहे. मालक एकटे, हाताखाली चार तंत्रज्ञ. वार्षिक करारावरचे ग्राहक १६०. यंत्रं-बिंत्रं म्हणाल तर फारशी नाहीत, प्रमाण वजनांचे दोन संच आणि एक गाडी. म्हणजे किमतीतला मोठा भाग गुडविलचाच. ग्राहक आजही ऑफिसला फोन करत नाहीत, थेट मालकांच्या मोबाइलवर करतात. माझी झोप त्यानेच उडाली आहे. उद्या पैसे घेऊन हे गृहस्थ शेजारच्या गल्लीत दुसरी पाटी लावून बसले तर मी विकत घेतलं तरी काय?

माझ्या वकिलांनी मसुद्यात टाकलंय: 'विक्रेता, त्याची पत्नी, मुले व नातेवाईक दहा वर्षे संपूर्ण देशात प्रयोगशाळा उपकरणांशी संबंधित कोणताही व्यवसाय प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे करणार नाहीत.' विक्रेते म्हणतात दोन वर्षं, तेही फक्त या शहरापुरतं. मी मधला आकडा धरून पाच वर्षं आणि अख्खं राज्य यावर तोडायचं म्हणतोय. ठीक आहे का? माझा स्वतःचा धंदा प्रयोगशाळेची इतर उपकरणं विकण्याचा आहे, म्हणून 'प्रयोगशाळा उपकरणे' असा मोठा शब्द घातलाय.

मोकळाश्वास

काही उपयोग नाही हो त्या कलमाचा. आमच्या कंपनीनेही माझ्याकडून लिहून घेतलं होतं, सोडल्यावर एक वर्ष प्रतिस्पर्ध्याकडे जाणार नाही म्हणून. मी पंधराव्या दिवशी गेलो. एक नोटीस आली, पुढे काही नाही. आपल्या करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे असले करार रद्दबातल असतात. दहा लिहा नाहीतर शंभर लिहा.

जुना करारवाला

मोकळाश्वास, तुमचं प्रकरण नोकरीचं आहे, आणि नोकरी सोडल्यानंतरच्या बंदीबद्दल तुम्ही म्हणता ते आपल्याकडे बरंचसं खरंही आहे. पण त्याच कलम २७ ला एक अपवाद जोडलेला आहे, आणि तो नेमका धाग्यातल्या व्यवहारासाठी आहे. धंद्याचं गुडविल विकणारा माणूस खरेदीदाराला असं वचन देऊ शकतो की ठरावीक स्थानिक हद्दीत मी तसाच धंदा करणार नाही. हे वचन खरेदीदार, किंवा त्याच्याकडून ते गुडविल पुढे घेणारा, तिथे तसा धंदा चालवतो आहे तोवर. आणि धंद्याचं स्वरूप पाहता ती हद्द कोर्टाला वाजवी वाटली पाहिजे.

दोन्हींत फरक का, तर नोकरदार आपली रोजीरोटी गहाण टाकत असतो आणि त्याबद्दल त्याला वेगळं काही मिळत नाही. विक्रेत्याला गुडविलचे रोख पैसे मिळालेले असतात. पैसे घेऊन तीच वस्तू मागच्या दाराने परत न्यायची नाही, एवढंच त्याच्याकडून मागितलं जातं. म्हणून जगभर बहुतेक कायदे विक्रेत्याच्या वचनाकडे नोकरदाराच्या वचनापेक्षा सैल हाताने बघतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियासारखं राज्य नोकरीतली अशी बंदी जवळपास मानतच नाही, तिथेही धंदा विकणाऱ्यासाठी अपवाद आहे.

तराजूवाला, तुमच्या प्रश्नावर सविस्तर लिहितो, पण आधी दोन गोष्टी सांगा. ते १६० ग्राहक कुठे कुठे आहेत? आणि विक्रेते काट्यांखेरीज आणखी काय करतात?

ग्रंथकीट

मी तर म्हणेन दहा वर्षं आणि देश हे कमीच आहे. इंग्लंडमधला नॉर्डनफेल्टचा १८९४ चा निकाल बघा. तोफा आणि दारूगोळ्याचा कारखाना विकला, २५ वर्षं संपूर्ण जगात तो धंदा करणार नाही असं लिहून दिलं, आणि हाउस ऑफ लॉर्ड्सने ते मान्य केलं. जग चालतं तर देश का नाही चालणार?

तराजूवाला

@जुना करारवाला, मागच्या दोन वर्षांची बिलं पिनकोडप्रमाणे लावली. १३१ ग्राहक एकमेकांना लागून असलेल्या तीन जिल्ह्यांत. २२ त्यांच्या शेजारच्या दोन जिल्ह्यांत. राहिलेले सात लांबचे, त्यातली सहा एकाच औषध कंपनीची वेगवेगळ्या ठिकाणची केंद्रं आहेत. काट्यांखेरीज विक्रेते अधूनमधून जुने काटे दुरुस्त करून विकतात. बाकी काही नाही. पीएच मीटर, सेंट्रिफ्यूज वगैरेला त्यांनी कधी हात लावलेला नाही, ते मी विकतो.

जुना करारवाला

अगदी हेच हवं होतं. आता मधला आकडा काढायचा विचार सोडून द्या. हा भाव करण्याचा प्रकार नाही. तुम्ही काय विकत घेतलंय ते मोजायचं, आणि वचन त्या मापाचं शिवायचं.

आधी ग्रंथकीटांच्या तोफा. नॉर्डनफेल्टचा माल घेणारे कोण होते? देशोदेशींची सरकारं. ग्राहक मोजकेच, पण पसरलेले जगभर. विकलेलं गुडविलच जगाएवढं होतं, म्हणून वचनही जगाएवढं चाललं. आणि त्याच कलमाचा दुसरा भाग लोक सांगायचं विसरतात. खरेदीदार कंपनी जो कोणता धंदा करत असेल, त्याच्याशी कुठल्याही प्रकारे स्पर्धा करणार नाही असंही त्याने लिहून दिलं होतं. तो भाग गैरवाजवी ठरला आणि खटल्यात आधीच गळाला. तोफांचा भाग त्यापासून वेगळा काढता आला म्हणून वाचला.

तुमच्या मसुद्यातला 'प्रयोगशाळा उपकरणांशी संबंधित कोणताही व्यवसाय' हा त्या गळालेल्या भागाचाच भाऊ आहे. पीएच मीटरचा धंदा तुमचा, विक्रेत्याचा नाही. त्यांनी तो तुम्हाला विकलेला नाही, त्यामुळे त्याचं संरक्षणही त्यांच्याकडून विकत घेता येत नाही. इंग्लंडमध्येच १९२१ साली असा वाद झाला. रस्त्यांच्या काँक्रीटमध्ये घालायच्या जाळीचा एक विशिष्ट प्रकार विकणारा छोटा धंदा एका मोठ्या कंपनीने घेतला आणि रस्त्यांच्या जाळ्यांच्या सगळ्याच धंद्यावर देशभर बंदी लिहून घेतली. कोर्टाने सांगितलं, बंदी मोजायची ती विकलेल्या धंद्याच्या अंगाने, घेणाऱ्याचा पसारा केवढा आहे त्यावरून नव्हे. बंदी टिकली नाही. अमेरिकेत डेलावेअरच्या कोर्टानेही २०२२ मध्ये एका बांधकाम साहित्याच्या व्यवहारात हेच धोरण धरलं. खरेदीदाराच्या आधीपासूनच्या इतर कंपन्यांना वाचवण्यासाठी विक्रेत्याच्या बाजूच्या माणसाला बांधता येणार नाही म्हणाले, आणि कलम छाटून वाजवी करून द्यायलाही नकार दिला.

तुम्हाला खरा धोका इथे आहे. खूप रुंद मागितलं तर कोर्ट आपण होऊन ते वाजवी करून देईल, अशी बऱ्याच खरेदीदारांची समजूत असते. तसं होईलच असं नाही. पुष्कळदा कोर्ट फार तर एखादा शब्द किंवा वाक्य खोडतं, नवं कलम लिहून देत नाही. मग दहा वर्षं मागणाऱ्याच्या हातात तीन वर्षंही उरत नाहीत.

म्हणून काम कोणतं, तर 'वजनकाट्यांची देखभाल, दुरुस्ती व कॅलिब्रेशन, आणि वापरलेल्या वजनकाट्यांची विक्री'. विक्रेते आज जे करतात ते सगळं, त्याबाहेरचं काही नाही. भाग कोणता, तर ते पाच जिल्हे, नावानिशी. 'आसपासचा परिसर' असं मोघम काही लिहू नका, त्यावरच भांडण होतं. त्या सात लांबच्या ग्राहकांसाठी पाच राज्यं बांधायची गरज नाही. त्यांची नावं परिशिष्टात घाला आणि लिहा की या ग्राहकांचं काट्यांचं काम विक्रेता घेणार नाही, मग ते कुठेही असोत. एखाद्या नव्या जिल्ह्यात विक्रेत्यांनी खरोखर पैसे घालून तयारी केली असेल, जागा घेतली, माणूस नेमला, तर तोही धरता येतो. नुसतं 'पुढे जायचा विचार होता' म्हणून नाही.

विकून मोकळी

मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूची. पेस्ट कंट्रोलचा व्यवसाय विकला होता. कलमात 'सर्व प्रकारच्या स्वच्छता सेवा' असं होतं. पैसे हातात येणार या आनंदात मी सही केली असं समजू नका, मी विचारलं होतं, तर 'तो नेहमीचा मजकूर आहे' असं उत्तर मिळालं. दोन वर्षांनी पाण्याच्या टाक्या साफ करण्याचं काम सुरू केलं, तर नोटीस. मी आयुष्यात कधी टाक्या साफ केलेल्या नव्हत्या आणि त्यांनीही नव्हत्या. शेवटी त्यांनी नाद सोडला, पण मधले चार महिने दोन मोठ्या सोसायट्यांचं काम मला घेता आलं नाही.

तराजूवाला, तुमच्या विक्रेत्यांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. वजनकाटे सोडून त्यांना काय येतं? उद्या त्यांनी काटे बनवणाऱ्या कंपनीत नोकरी धरली तर तुमच्या मसुद्याप्रमाणे तेही चालणार नाही. म्हणूनच ते 'दोन वर्षं, एक शहर' असं अंग चोरून बोलत असणार. काम नेमकं लिहिलंत तर वर्षांचं ते जास्त ताणणार नाहीत, असा माझा अंदाज.

तराजूवाला

पटतंय. भाग आणि काम समजलं. पण वर्षं? त्यांची दोन की माझी पाच, हे मोजायचं कशावरून?

जुना करारवाला

ग्राहक विक्रेत्याचा उरत नाही आणि तुमचा होतो, त्याला किती वेळ लागेल यावरून. तुमच्या धंद्यात ते चांगलं मोजता येतं, कारण करार वर्षाचे आहेत.

समजा व्यवहार आज पूर्ण झाला. १६० करारांच्या तारखा वर्षभर पसरलेल्या असणार. पहिल्या बारा महिन्यांत प्रत्येक करार एकदा नूतनीकरणाला येईल. हे पहिलं नूतनीकरण तुमच्या कामावर होत नाही, जुन्या मालकाच्या पुण्याईवर होतं. कोणाला मालक बदललेला माहीतही नसेल. दुसऱ्या वेळी मात्र ग्राहकाने वर्षभर तुमचे तंत्रज्ञ पाहिलेले असतात, कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्र वेळेवर आलं की नाही हे त्याला ठाऊक असतं. तो निर्णय खरा तुमचा. अगदी शेवटच्या ग्राहकाचं दुसरं नूतनीकरण चोविसाव्या महिन्याच्या आसपास होतं. म्हणजे दोन वर्षांची बंदी ज्या दिवशी संपते, त्याच सुमारास शेवटचे ग्राहक पहिल्यांदा स्वतःच्या मनाने ठरवत असतात. वर एखादं वर्ष सांभाळायला हवं. मी तीन वर्षं धरेन, आणि का धरली ते करारातच दोन ओळींत लिहून ठेवेन.

युरोपियन कमिशनने कंपन्यांच्या विलीनीकरणासाठी जी सूचना काढली आहे, तिचा ठोकताळाही असाच आहे. गुडविलबरोबर धंद्याचं खास ज्ञानही हस्तांतरित होत असेल तर तीन वर्षांपर्यंत, नुसतं गुडविल असेल तर दोन. तो नियम तुमच्या व्यवहाराला लागू होतो असं मी म्हणत नाही, पण कोणी 'तीन कुठून काढलेत' विचारलं तर अगदीच हवेतून नाहीत.

पाच वर्षं कधी शोभतील? ग्राहक चार-चार वर्षांनी एकदाच येत असेल तेव्हा. मोठं यंत्र घेणारा कारखाना पुढचं यंत्र घ्यायला निघेपर्यंत तुमची त्याची गाठच पडत नाही. उलट आठवड्याला येणारं गिऱ्हाईक असेल तर वर्षही पुष्कळ.

ग्रंथकीट

थोडा मतभेद. तुम्हीच सांगितलेल्या कलम २७ च्या अपवादात वर्षांचा आकडा कुठे आहे? खरेदीदार तसा धंदा करतो आहे तोवर, एवढंच आहे. वाजवीपणाची अट हद्दीला लावली आहे, आणि ती हद्द स्थानिक आहे. मग तराजूवाल्यांनी वर्षं लिहूच नयेत, 'मी धंदा करतो आहे तोवर' लिहावं. कायदाच देतोय तर सोडायचं कशाला?

जुना करारवाला

शब्दांवर बोट ठेवलंत तर तुमचं वाचन चुकीचं नाही, आणि तसा युक्तिवाद करणारे वकील आहेत. मी स्वतः तरी त्यावर व्यवहार उभा करणार नाही. मनाईहुकूम मागायला जाल तेव्हा समोरचा वकील म्हणेल, अशील पन्नाशीचा आहे, आयुष्यभर काट्यांना हात लावायचा नाही का? न्यायाधीशांना ते डोळ्यांसमोर दिसतं. तीन वर्षांच्या कलमावर तो प्रश्नच उद्भवत नाही. शिवाय त्या वाक्याला दुसरी धार आहे. तुम्ही दोन वर्षांनी काट्यांचं काम बंद करून फक्त उपकरणं विकू लागलात, तर विक्रेता त्या दिवशी मोकळा.

ग्रंथकीट

बंद केलं तर मोकळा, हे तुमच्या तीन वर्षांनाही लागू आहेच की. माझा मुद्दा तसाच राहतो. असो.

सावध गडी

वर्षं-जिल्हे सगळं खरं, पण माझा अनुभव वेगळा. मी विकत घेतला तेव्हा कलम चोख होतं. सात महिन्यांनी विक्रेत्याच्या मेहुण्याने त्याच कामाची फर्म काढली. विक्रेता तिथे 'फक्त बसायला' जायचा. कसं कळलं? आमच्या एका ग्राहकाने नव्या फर्मचं कोटेशन आम्हाला दाखवलं. कोटेशनचा साचा, अटींचा क्रम, एका शब्दाची चुकीची स्पेलिंगसुद्धा आमच्या जुन्या साच्यातली. मेहुण्याने आमच्या करारावर सही केलेली नव्हती, त्यामुळे त्याला थेट काही करता आलं नाही.

म्हणून बायको-मुलं-नातेवाईक हे तुमच्या वकिलांनी घातलंय ते योग्यच आहे, काढू नका.

जुना करारवाला

सावध गडी, तुमच्याच गोष्टीत उत्तर आहे. ज्याने सही केली नाही तो बांधला जात नाही. कलमात 'नातेवाईक' लिहिल्याने मेहुणा अडकत नाही, फक्त कलम आडदांड दिसतं. पत्नी धंद्यात भागीदार असेल, हिशेब पाहत असेल, ग्राहकांना ओळखत असेल तर तिची वेगळी सही घ्या. मुलगा दुसऱ्या शहरात शिकत असेल तर त्याला कशाला ओढायचं?

मेहुण्याचा बंदोबस्त विक्रेत्याच्याच वचनातून होतो. तो स्वतः, भागीदार म्हणून, पैसे लावून, सल्ला देऊन किंवा ग्राहकांची यादी पुरवून अशा धंद्याला मदत करणार नाही, असं सोपं लिहायचं. मग पुरावा मेहुण्याच्या फर्मविरुद्ध नाही, विक्रेत्याने मदत केल्याचा लागतो. तुमचं कोटेशन त्या कामाला चांगलं होतं.

आणि तीन वचनं तीन वेगळ्या परिच्छेदांत घाला. स्पर्धा करणार नाही, हे एक. परिशिष्टातल्या ग्राहकांकडे काम मागायला जाणार नाही आणि त्यांनी बोलावलं तरी घेणार नाही, हे दुसरं. तंत्रज्ञांना फोडणार नाही, हे तिसरं. पहिलं उद्या कोसळलं तरी दुसरी दोन उभी राहतात. तुमच्या धंद्यात चार तंत्रज्ञ गेले तर ग्राहक आपोआप जातील, त्यामुळे तिसऱ्याला कमी लेखू नका. मात्र ते वचन विक्रेत्याचं आहे. तंत्रज्ञांना त्याने बांधता येत नाही, त्यांना तुम्हीच नीट ठेवायचं.

सावध गडी

मान्य. पण कोर्टात जाईस्तोवर ग्राहक गेलेला असतो. आता दुसऱ्या खरेदीत मी शब्दांपेक्षा पैशांवर भर दिला. गुडविलच्या रकमेतला पाचवा हिस्सा मागे ठेवला, दर वर्षअखेरीला थोडा थोडा द्यायचा. यावेळी मेहुणे शांत आहेत.

विकून मोकळी

मागे ठेवायला हरकत नाही, पण मग उलट बाजूही लिहा. खरेदीदाराने तो हप्ता चुकवला तर विक्रेत्याने बांधून का घ्यायचं? ठरावीक मुदतीची नोटीस देऊनही पैसे आले नाहीत तर बंदी संपते, असं माझ्या करारात मी नंतर दुरुस्तीने घालून घेतलं.

तराजूवाला

हे सगळं घेऊन काल विक्रेत्यांकडे बसलो. काम नेमकं केलं म्हटल्यावर खरंच माणूस सैल झाला. पाच जिल्हे मान्य, परिशिष्टातले सात लांबचे मान्य, तंत्रज्ञांचं मान्य. काट्यांच्या कंपनीत नोकरी केली तर चालेल, फक्त या पाच जिल्ह्यांतलं सर्व्हिसचं काम नको, असं ठरलं. हप्ता चुकला तर बंदी उठते हेही घातलं.

गाडी अडली ती वेगळ्याच ठिकाणी. ते पहिलं दीड वर्ष माझ्याकडे सल्लागार म्हणून राहणार आहेत. माझं म्हणणं, तीन वर्षं ते सोडून जातील त्या दिवसापासून मोजावीत. ते म्हणतात, विक्रीच्या तारखेपासून.

ग्रंथकीट

सोडल्यापासून धरा. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये क्रेन भाड्याने देणाऱ्या एका धंद्याच्या विक्रीत हेच मान्य केलं. विक्रेता विकल्यानंतर काही वर्षं तिथेच नोकरीला होता, बंदी नोकरी संपल्यापासून पाच वर्षं होती, आणि ती विक्रीचाच भाग धरली गेली.

जुना करारवाला

निकाल बरोबर सांगितलात, पण तिथे नोकरीही विक्रीच्या करारातूनच आलेली होती आणि व्यवहार बराच मोठा होता. इथे मला विक्रेत्यांची बाजू पूर्ण फेटाळता येत नाही. सोडल्यापासून मोजायचं तर त्याला नोकरीतल्या बंदीचा रंग चढतो, आणि मोकळाश्वास पहिल्या प्रतिसादात म्हणाले तो आक्षेप मागच्या दाराने आत येतो. शिवाय ते सल्लागार असताना ग्राहकांची तुमच्याशी ओळख होतेच आहे, म्हणजे घड्याळ अगदीच थांबलेलं नाही. पण फोन अजून त्यांच्याच मोबाइलवर येत राहिले तर थांबलेलं आहे, हेही खरं.

मी असतो तर विक्रीपासून चार वर्षं असा एकच पक्का दिवस लिहिला असता, आणि तो मोबाइल नंबर पहिल्या दिवसापासून धंद्याच्या नावावर करून घेतला असता.

तराजूवाला

नंबरचं डोक्यातच आलं नव्हतं. विचारतो. चार वर्षं ऐकून मात्र ते पुन्हा अंग चोरतील असं वाटतंय.

विकून मोकळी

साडेतीन म्हणा. दीड वर्ष तुमच्याकडेच, त्यानंतर दोन. त्यांचा आकडा त्यांना मिळाला, असं वाटू दे.